लॉट नंबर ४१७ चा अर्ज

सुरतमध्ये बी.कॉम. झालेली मुलंमुली ईआरपी सपोर्टच्या नोकरीसाठी जे अर्ज पाठवतात, त्यांतले बहुतेक अर्ज मी पहिल्या परिच्छेदानंतर वाचत नाही. ‘मी मेहनती, प्रामाणिक व नवीन शिकण्यास उत्सुक आहे. मला टॅली, एक्सेल व एसएपीचे ज्ञान आहे. आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.’ उधन्यातून, लिंबायतमधून, डिंडोलीतून, पांडेसऱ्यातून हाच मजकूर येतो. नाव बदलतं, फोन नंबर बदलतो, बाकी स्वल्पविरामसुद्धा तेच. माझा राग या मुलांवर नाही. ज्यांनी फी घेऊन हा मजकूर त्यांच्या हातात दिला आणि याला अर्ज म्हणतात असं सांगितलं, त्यांच्यावर आहे. त्यांनी या मुलांचं नुसतं नुकसान केलेलं नाही. मुलांना जे खरोखर येतं ते लपवायला आणि जे येत नाही ते मिरवायला शिकवलं आहे.

कापड व्यापाऱ्यांच्या ईआरपीला सपोर्ट देणाऱ्या टीममध्ये मी काम करते आणि नवीन माणसं निवडताना पहिली चाळणी माझ्या हातात असते. जागेचं नाव भारदस्त आहे: ज्युनियर ईआरपी सपोर्ट अ‍ॅनालिस्ट. काम मात्र साध्या शब्दांत सांगता येतं. रिंग रोडच्या मार्केटमधल्या एखाद्या पेढीवरून मेहताजींचा फोन येतो: ‘सिस्टिम लॉटमध्ये माल कमी दाखवतेय, आणि मिलवाला म्हणतो सगळा पोचवला.’ फोन घेणाऱ्याने हे शोधायचं असतं की माल कमी आहे, की नोंद चुकली आहे, की सॉफ्टवेअर चुकलं आहे. या तिन्हींची लक्षणं पडद्यावर सारखीच दिसतात. ती वेगळी करता येणं हीच या नोकरीतली विद्या. जो अर्ज मला सांगतो की या माणसाने असं काहीतरी एकदा तरी वेगळं करून पाहिलं आहे, तो अर्ज मी शेवटपर्यंत वाचते. ‘प्रामाणिक’ हा शब्द वाचून मला यातलं काहीही कळत नाही.

सुरतचा माल कसा फिरतो ते आधी सांगते, कारण या जागेचा सगळा पेच त्यातच आहे. व्यापारी विणकराकडून ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड घेतो. ते ताक्यांत येतं. मग तो ते ताके रंगाई-छपाईसाठी पांडेसरा, सचिन, पलसाणा किंवा कडोदऱ्याच्या मिलला चलनावर पाठवतो. माल मिलच्या आवारात असतो पण मालकी व्यापाऱ्याची असते. मिल त्यावर काम करते, जॉब चार्ज लावते आणि फिनिश कापड हप्त्याहप्त्याने परत करते. प्रक्रियेत कापड आटतं. किती आटावं याचं प्रमाण क्वालिटीप्रमाणे बदलतं आणि व्यापारी-मिल यांच्यात ते आधीच ठरलेलं असतं. त्याला बाजारात शॉर्टेज म्हणतात. सुरतच्या कापड पेढीच्या ईआरपीत सगळ्यात जास्त भांडणं या एका आकड्यावरून होतात.

आता एक लॉट घेऊ. आकडे समजण्यासाठी मी घेतले आहेत, पण चूक अगदी रोजची आहे.

लॉट नंबर ४१७. मिलला ४८ ताके पाठवले, एकूण ५,२८० मीटर. ग्रेचा भाव मीटरला ३० रुपये. मिलशी ठरलेलं शॉर्टेज ५ टक्के, म्हणजे २६४ मीटरपर्यंत घट मान्य. सिस्टिम म्हणते, परत आले ४,९१२ मीटर. घट ३६८ मीटर, म्हणजे जवळजवळ ७ टक्के. मान्य मर्यादेपेक्षा १०४ मीटर जास्त. पेढीचा हिशेबनीस लगेच मिलच्या नावावर १०४ मीटरची, ३,१२० रुपयांची डेबिट नोट टाकायला निघतो. मिलवाला चिडतो, कारण त्याच्या फोल्डिंग खात्याने माल मोजून दिला आहे आणि चलनावर पेढीच्याच माणसाची सही आहे.

इथे सपोर्टला बसलेला माणूस काय करतो यावर सगळं अवलंबून आहे. क्लासमधून ‘ईआरपीचे ज्ञान’ घेऊन आलेला मुलगा स्टॉक अ‍ॅडजस्टमेंटचा पडदा उघडतो, १०४ मीटर वाढवतो, आकडा जुळवतो आणि तक्रार बंद करतो. त्याने तक्रार सोडवली नाही, पुरली. पेढीच्या पुस्तकात आता १०४ मीटर कापड असं आहे जे जगात नाही.

ज्याला काम येतं तो मीटर बाजूला ठेवतो आणि ताके मोजतो. पाठवले ४८, परत आले ४७. कापड आटतं, पण ताका आटून नाहीसा होत नाही. म्हणजे हे शॉर्टेजचं प्रकरणच नाही, एक आख्खा ताका कुठेतरी गेला आहे. तो १०४ मीटरचा असला, तर बाकीची घट बरोबर २६४ मीटर राहते, ठरल्याप्रमाणे. मग तो त्याच मिलचे, त्याच आठवड्यातले दुसरे लॉट उघडतो. लॉट ४७१: पाठवले ४० ताके, ४,४०० मीटर. परत आले ४१ ताके, ४,२८४ मीटर. चाळीस पाठवून एकेचाळीस आले! आणि घट फक्त २.६ टक्के, त्या क्वालिटीत सहसा होत नाही इतकी कमी. त्यातून १०४ मीटरचा एक ताका वजा केला तर राहतात ४,१८० मीटर, घट २२० मीटर, बरोबर ५ टक्के. चलन काढून पाहिलं की कागदावर ४१७ लिहिलेलं असतं आणि भरणाऱ्याने ४७१ दाबलेलं असतं. सॉफ्टवेअर बरोबर, मिल बरोबर, कापड बरोबर. दोन आकड्यांची अदलाबदल झाली, एवढंच.

हे वाचून कॉमर्सच्या विद्यार्थ्याने ताठ बसायला हवं. आकड्यांची अदलाबदल हा प्रकार त्याने वर्गात शिकलेला आहे. तेरीज जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुठेतरी आकडे उलटले असण्याचा संशय घ्यायचा, हे त्याला तोंडपाठ असतं. ४७१ मधून ४१७ गेले, ५४ उरले, नवाने भाग जातो. आणि त्याहून महत्त्वाचा धडाही त्याने घेतलेला असतो: तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं नव्हे. रक्कम बरोबर पण खातं चुकलं, तर तेरीज निमूट जुळते. इथे नेमकं तेच झालं आहे. गोदामातला एकूण माल बरोबर आहे. एकूण मीटर बरोबर आहेत. फक्त एक ताका शेजारच्या लॉटच्या नावावर बसला आहे. परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिलेलं हे उत्तर सुरतच्या मार्केटमध्ये रोज लागतं, आणि अर्जात त्याचा एक शब्द नसतो. तिथे असतं ‘उत्तम संवादकौशल्य’.

नुकसानही नीट पाहू. ग्रेची किंमत फिनिश मीटरवर वाटली की लॉट ४१७ चं कापड मीटरला ३२.२५ रुपयांना पडल्यासारखं दिसतं आणि लॉट ४७१ चं ३०.८१ रुपयांना. खरी पडत दोन्हींची एकच आहे, ३१.५८. जॉब चार्ज यात धरलेला नाही. म्हणजे पेढीच्या मालकाला रिपोर्टमध्ये मीटरमागे १ रुपया ४४ पैशांचा फरक दिसतो जो अस्तित्वातच नाही. त्यावरून तो एक क्वालिटी बंद करतो आणि दुसरीचा भाव उतरवतो. चूक होती दोन आकड्यांची, निर्णय झाला पुढच्या सीझनचा.

कराची बाजू तर आणखी गंभीर आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो. आला नाही, तर ज्या दिवशी तो पाठवला त्याच दिवशी त्याचा पुरवठा झाला असं कायदा मानतो आणि कर त्या तारखेपासून लागू होतो. याची माहिती आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये द्यायची असते. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. आता लॉट ४१७ चा तो ताका सिस्टिमच्या मते अजून मिलमध्ये पडून आहे. वर्ष उलटलं की तो थकीत मालाच्या यादीत येईल, आणि खरा ताका तोवर साडी होऊन कोणाच्या तरी कपाटात गेलेला असेल. एका चुकीच्या लॉट नंबरचा धागा कलम १४३ पर्यंत जातो, हे संगणकशास्त्राच्या पदवीधराला मला सुरुवातीपासून शिकवावं लागतं. बी.कॉम.च्या मुलीला चलन म्हणजे काय, जॉबवर्क म्हणजे काय, डेबिट नोट कोणाच्या नावावर पडते, हे येतानाच माहीत असतं. लिंबायतच्या मुलीला तर ते घरातून माहीत असतं. तिचा बाप लूमवर असतो किंवा मिलच्या फोल्डिंगमध्ये. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या आमच्या लोकांनी हे शहर विणलं आहे, रंगवलं आहे, घडी घालून बांधलं आहे. जेवताना ताका, लॉट, शॉर्टेज हे शब्द ऐकत ती मुलगी वाढली. आणि अर्ज लिहायला बसली की हे सगळं पुसून टाकून ती लिहिते: ‘मला कॉर्पोरेट क्षेत्रात करिअर करण्याची आवड आहे.’ तिला कोणीतरी पटवलं आहे की बापाचं काम अर्जात सांगण्यासारखं नाही. असं पटवणाऱ्यांची मला चीड येते.

मी स्वतः लिंबायतची आहे आणि महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. मला सांगू नका की या मुलांना काही येत नाही.

आता अर्ज कसा असावा ते लिहून दाखवते, कारण नुसती टीका करून त्या मुलीच्या हाती काही लागणार नाही. ही मुलगी कोणी एक नाही. तिला नोकरीचा अनुभव नाही, तिच्याकडे बी.कॉम.ची पदवी आहे, एक जुना संगणक आहे आणि काही आठवडे आहेत. अर्ज इंग्रजीत जाईल, पण आधी तो असा सुचला पाहिजे:

‘विषय: ज्युनियर ईआरपी सपोर्ट अ‍ॅनालिस्ट या जागेसाठी अर्ज.

महोदया,

मी बी.कॉम. आहे. नोकरीचा अनुभव नाही. ईआरपी मी ईआरपीनेक्स्टवर शिकले. ते माझ्या संगणकावर बसवून त्यात एका काल्पनिक कापड पेढीची ग्रे खरेदी, मिलला पाठवणी, फिनिश परतावा आणि विक्री एवढी साखळी चालवली. मिलच्या नावाचं वेगळं गोदाम केलं, म्हणजे आपला पण मिलमध्ये असलेला माल वेगळा दिसतो. लॉट नंबरसाठी बॅच वापरली.

मग एका लॉटचा एक ताका मी मुद्दाम दुसऱ्या लॉटच्या नंबरवर परत घेतला आणि ही चूक रिपोर्टवरून कशी ओळखता येते ते शोधलं. मीटरच्या रिपोर्टमध्ये ती फक्त जास्त शॉर्टेज म्हणून दिसते. ताक्यांची संख्या पाहिली तर लगेच सापडते: एका लॉटमध्ये पाठवल्यापेक्षा जास्त ताके परत आलेले दिसतात. पाठवणी आणि परतावा एका टेबलमध्ये उतरवून मी ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT lot_no, SUM(sent_taka), SUM(recd_taka)
FROM lot_register
GROUP BY lot_no
HAVING SUM(recd_taka) > SUM(sent_taka);
```

दुरुस्ती स्टॉक अ‍ॅडजस्टमेंटने केली नाही. चुकीची परतावा नोंद रद्द करून बरोबर लॉटवर पुन्हा केली आणि दोन्ही लॉटची मीटरमागची पडत आधी व नंतर काय होती ते टिपून ठेवलं. ती एक पानाची नोंद सोबत जोडली आहे.

या क्वेरीत एक उणीव आहे. मिलमध्ये एखाद्या ताक्याचे दोन तुकडे झाले आणि ते दोन म्हणून मोजले गेले, तरी हा लॉट यादीत येतो. तेव्हा मीटर ठरलेल्या शॉर्टेजमध्ये बसतात का ते हाताने पाहावं लागतं. आपल्याकडे तुकड्यांची नोंद कशी ठेवतात हे जाणून घ्यायला आवडेल.

एसक्यूएलमध्ये मला सिलेक्ट, जॉइन आणि ग्रुप बाय एवढंच येतं. एसएपी मी वापरलेलं नाही. जीएसटीत जॉबवर्कचं चलन आणि आयटीसी-०४ कशासाठी असतं ते समजतं. रिटर्न प्रत्यक्ष भरलेलं नाही. गुजराती, हिंदी आणि मराठीत फोनवर बोलू शकते. माझे वडील प्रोसेस मिलच्या फोल्डिंग खात्यात आहेत. ताका कसा मोजतात ते मी त्यांच्याकडून समजून घेतलं आहे.’

बस. यात ‘मेहनती’ कुठे नाही. मेहनत दिसते. ‘प्रामाणिक’ कुठे नाही, पण एसएपी वापरलेलं नाही हे वाक्य आहे, आणि सपोर्टच्या कामात मला हाच गुण लागतो. ज्याला ‘हे मला माहीत नाही’ असं लिहिता येतं, तो पार्टीच्या चालू डेटावर अंदाजाने हात घालणार नाही. उणीव सांगणारा परिच्छेद तर मी सगळ्यात आधी वाचीन. आपलं उत्तर कुठे तोकडं पडतं हे ज्याला कळतं, त्याने ते उत्तर स्वतः काढलेलं असतं.

यातली एकही गोष्ट पैशांनी अडत नाही, म्हणूनच क्लासवाले ती सांगत नाहीत. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं सॉफ्टवेअर आहे, खुल्या परवान्याचं, उतरवून घ्यायला फुकट. जॉबवर्कला माल देण्या-घेण्याची सोय त्यात आहे. बसवताना त्रास होतो, लिनक्सशी झटापट करावी लागते, दोनतीनदा सगळं पुसून पुन्हा सुरू करावं लागतं. तो त्रास हाच अभ्यास आहे, कारण पुढे पार्टीच्या सर्व्हरवर तोच त्रास समोर येतो. टॅलीप्राइमसुद्धा परवाना न घेता शिकाऊ पद्धतीत चालवता येतं. नोंदींच्या तारखांवर बंधन असतं, पण व्हाउचर, बॅच, जॉबवर्क यांचा सराव करायला ते बंधन आड येत नाही. उलट एसएपीचा पडदा फळ्यावर दाखवून, त्यात स्वतः एकही नोंद न करायला लावता, जे प्रमाणपत्र हातात देतात त्यांनी त्या मुलाला मुलाखतीत तोंडघशी पाडायची व्यवस्था केलेली असते. ‘मालाची आवक केलीस तेव्हा कोणत्या खात्यावर परिणाम झाला?’ एवढं विचारलं की तो मुलगा खाली बघतो. तो चेहरा मला पाहवत नाही. फी घेणाऱ्याला तो पाहावाच लागत नाही.

याहून खालची पायरी आहे अनुभवाची खोटी पत्रं विकणाऱ्यांची. दोन वर्षांचा अनुभव, लेटरहेड, शिक्का, सगळं मिळतं. असा अर्ज माझ्याकडे आला की मी एकच गोष्ट विचारते: तुम्ही सोडवलेली शेवटची तक्रार सांगा. कोणत्या पडद्यावर होती, संदेश काय आला होता, टेस्ट कॉपीवर ती चूक पुन्हा घडवून पाहिलीत का? खरं काम केलेला माणूस इथे लहान मुलासारखा खुलतो, इनव्हॉइस नंबरासकट सांगतो. ई-इनव्हॉइसची ती नेहमीची तक्रार घ्या. नेट मंद असतं, मेहताजी बटण दोनदा दाबतात. पोर्टलवर आयआरएन पहिल्याच वेळी तयार झालेला असतो, पण उत्तर ईआरपीपर्यंत पोचलेलं नसतं, आणि दुसऱ्या वेळी पडद्यावर `2150: Duplicate IRN` येतं. ज्याने हे कधी हाताळलं आहे तो सांगेल की बिल नंबर बदलून पुन्हा पाठवायचं नाही, कारण मग एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी नोंदली जातात. तयार झालेला आयआरएन पोर्टलवरून मागवून त्याच बिलाला जोडायचा. खोट्या पत्रावर आलेला माणूस म्हणतो, ‘मी सर्व मॉड्यूल्स पाहत होतो.’ मुलाखत तिथेच संपते. त्याने पत्रासाठी मोजलेले पैसे गेले, आणि खरी दोन वर्षं ज्यात तो वरच्यासारखा एखादा लॉट शोधून काढायला शिकला असता, तीही गेली.

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे येते, कारण अर्ज खोटे होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. सुरतच्या जाहिराती पाहा. जागा ज्युनियर, अट दोन ते तीन वर्षांच्या अनुभवाची. काम कापड पेढीच्या हिशेबाचं, अट बी.ई. किंवा बीसीएची. ‘कॉमर्स असल्यास अर्ज करू नये’ असं छापत नाहीत, पण चाळणी तशीच लावतात. ज्याच्याकडे अनुभव असायचं कारणच नाही त्याच्याकडे अनुभव मागायचा, आणि मग खोटी पत्रं येतात म्हणून पोरांना नावं ठेवायची, ही मालकांची आणि एचआरची लबाडी आहे. मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे, इथेही सांगते.

त्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे: कॉमर्सच्या मुलांना डेटाबेस समजत नाही. खरं आहे, समजत नाही. टेबल म्हणजे काय, परवानग्या कशा लागतात, चालू डेटावर आणि टेस्ट कॉपीवर काम करण्यात काय फरक आहे, बॅकअपशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे सगळं शिकवावं लागतं. ज्या मुलीला हे शिकायचंच नाही तिने या वाटेला येऊ नये. नुसत्या हिशेबाच्या जोरावर ही नोकरी निभत नाही, आणि दिवसभर चिडलेल्या माणसांचे फोन घेणं सगळ्यांना झेपत नाही. पण वरची क्वेरी पाहा. चार ओळी आहेत. त्या लिहायला शिकवणं अवघड नाही. अवघड आहे ते मीटर सोडून ताके मोजावेत हे सुचणं. माल कुठल्या खात्यात अडकला असेल, अडकल्याने कोणाचा फायदा दिसेल आणि कोणाचा तोटा, दुरुस्ती आजच्या तारखेने करायची की जुन्या, जुन्या तारखेने केली तर विकून झालेल्या मालाचा नफा बदलेल आणि ते हिशेबनिसाला आधी सांगितलं पाहिजे, रिटर्न भरून झालं असेल तर जुन्या नोंदीला हात न लावता लॉटमधून लॉटमध्ये ट्रान्सफर करून खाली शेरा लिहिला पाहिजे, हा विचार दोन दिवसांच्या प्रशिक्षणात येत नाही. तो तीन वर्षं जर्नल, लेजर, तेरीज लिहून आलेला असतो. संगणकाच्या पदवीधराला मी कमी लेखत नाही, सॉफ्टवेअर खरोखर चुकतं तेव्हा तोच लागतो. पण पहिला फोन घ्यायला त्याला बसवलं की तो लॉट ४१७ मध्ये सॉफ्टवेअरची चूक शोधत बसतो, आणि तिथे ती नसते.

म्हणून कंपन्यांनी अनुभवाची अट काढावी आणि तिच्या जागी एक काम द्यावं. दोन लॉटचं रजिस्टर, पाच चलनांच्या झेरॉक्स, मिलचं एक बिल. एक चूक आत दडवलेली. तास दीड तास वेळ. संगणक द्या, एक्सेल द्या, कॅल्क्युलेटर द्या, नेटही चालू ठेवा. आणि उत्तर म्हणून फक्त तीन गोष्टी मागा: चूक कुठे आहे, ती कशावरून ओळखली, आणि दुरुस्त करण्याआधी पेढीत कोणाला फोन कराल. आम्ही अशी चाचणी घेतो. तिथे पदवीचा रकाना आम्ही कागदावरून काढून टाकला आहे, आणि चाचणीच्या दिवशी कोणी टाय घालून यायची गरज नाही.